कमकुवत जागा क्रमांक चार

स्वप्नील ठोंबरेची पहिली मुलाखत बुडाली ती बोलण्यानं. "तुमच्याबद्दल सांगा," असं साहेबांनी म्हटल्यावर त्यानं आजोबांपासून सुरुवात केली. आजोबांचं शेत, त्या शेतात आलेला पूर, पुरात वाहून गेलेली आणि तीन दिवसांनी आपली आपण घरी परतलेली म्हैस, असं करत तो मेकॅनिकल डिप्लोमाच्या पहिल्या वर्षापर्यंत पोचला तेव्हा नऊ मिनिटं झाली होती आणि साहेबांनी पुढच्या उमेदवाराला आत बोलावलं होतं.

तेजश्रीची पहिली मुलाखत बुडाली ती न बोलण्यानं. ती त्याच्याच वर्गातली, कर्जतच्या भिसेगावात राहणारी, आई शाळेत शिक्षिका. तिला विचारलं, "तुमच्याबद्दल सांगा." ती म्हणाली, "डिप्लोमा, मेकॅनिकल, फर्स्ट क्लास." मग साहेबांनी वाट पाहिली. तिनंही पाहिली.

"चार मिनिटांत बाहेर आले मी," तिनं चौक गावात येऊन सांगितलं. "त्यातलं एक मिनिट दार ढकलायचं की ओढायचं यात गेलं."

चौकला जुन्या हायवेच्या कडेला स्वप्नीलच्या आत्याचा, विमलबाईंचा ढाबा आहे. दुपारचं जेवण आटोपलं की चार ते पाच तिथं कोणी नसतं. त्या वेळात दोघं तिथं बसले होते आणि दोघांना पुढच्या महिन्यात मुलाखती होत्या. स्वप्नीलला शिळफाट्याच्या पुढच्या एका कारखान्यात, क्वालिटी विभागात ट्रेनी म्हणून. तेजश्रीला त्यानंतर दोन आठवड्यांनी रसायनीच्या बाजूला.

"आपण एकमेकांच्या घ्यायच्या," तेजश्री म्हणाली. "मंगळवार, गुरुवार, शनिवार. बरोबर चारला. वीस मिनिटं मी तुझी घेणार, पाच मिनिटं गप्प बसून कागद भरणार, दहा मिनिटं त्यावर बोलणार. मग खुर्च्या बदलायच्या."

"गप्प का बसायचं?"

"लगेच बोललं की भांडण होतं. आधी लिहायचं."

तिनं कर्जतला जाऊन कागद टाइप करून त्याच्या प्रती काढून आणल्या. वर उमेदवाराचं नाव आणि तारीख. खाली पाच ओळी: सुरुवात, मुद्दा, उदाहरण, वेळ, देहबोली. प्रत्येकीपुढे एक ते पाच गुण. एका उत्तराला दीड मिनिट, फार तर दोन. प्रश्नांच्या चिठ्ठ्या करून स्टीलच्या डब्यात टाकल्या, म्हणजे कुठला प्रश्न येणार ते दोघांनाही कळणार नाही.

पहिल्या मंगळवारी स्वप्नील साडेतीन मिनिटं स्वतःची ओळख करून देत होता. म्हैस आली नाही, पण मामा आले. तेजश्रीनं तिच्या पाळीला सगळी उत्तरं मिळून दोन मिनिटांत संपवली. मग पाच मिनिटं दोघांनी गप्प बसून कागद भरले आणि एकमेकांना दिले. दोन्ही कागदांवर पंचवीसपैकी पंचवीस.

विमलबाई कांदे चिरत होत्या. त्यांनी मान उंच करून दोन्ही कागद वाचले.

"दोगंबी पास?"

"हो आत्ये."

"मग घरी का बसलाव रं?"

तेजश्रीनं कागद परत घेतले आणि गुणांचे आकडे खोडले.

"मैत्री मधे येतेय," ती म्हणाली. "नुसते गुण द्यायचे नाहीत. प्रत्येक गुणापुढे पुरावा लिहायचा. समोरचा नेमकं काय बोलला, त्याच शब्दांत. पुरावा नसेल तर गुण बाद."

गुरुवारी तिनं कागदावर नवा रकाना आखला, आणि मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड केलं. रेकॉर्डिंग लावल्यावर आधी हायवेवरचे ट्रक ऐकू आले, मग स्वप्नील. तेजश्री बोटांवर मोजत गेली. चार मिनिटांत तो "म्हणजे कसं हाय ना" असं एकतीस वेळा म्हणाला होता.

"मी? नाय बोललो."

"ऐक परत."

त्यानं ऐकलं. "म्हणजे कसं हाय ना," तो म्हणाला, "ते आपोआप येतं." मग त्यानं हातानं तोंड झाकलं.

तेजश्रीच्या कागदावर त्यानं लिहिलं: 'उदाहरण – १. पुरावा: प्रोजेक्टमध्ये तुझं काम काय, असं विचारल्यावर म्हणाली, आम्ही केलं. कोणी कोणी केलं, तर म्हणाली, सगळ्यांनी.'

"खोटं आहे का ते?" तिनं विचारलं.

"अगं, ते यंत्र तू एकटीनं जोडलंस. बाकीचे तिघं कँटीनला होते. त्यात मी होतो."

ती लाल झाली. आपण केलेलं काम आपण केलं असं म्हणायला तिला लाज वाटत होती, आणि हे तिला स्वतःला आजवर माहीत नव्हतं. दहा मिनिटांचं बोलणं त्या दिवशी पंधरा मिनिटं चाललं, त्यातली पाच भांडणाची.

शनिवारी तिनं एक लांब वही आणली. वहीच्या एका बाजूनं त्याच्या कमकुवत जागा, दुसऱ्या बाजूनं तिच्या. नियम असा: एखाद्या गोष्टीला दोनदा तीनपेक्षा कमी गुण पडले की ती वहीत जाणार, क्रमांक, पुरावा आणि उपायासकट. सलग तीन वेळा चार किंवा जास्त मिळाले की तिच्यावर रेघ मारायची. आणि एका आठवड्यात दोनच जागांवर काम. स्वप्नीलला एकदम सगळ्याच सुधारायच्या होत्या.

"सगळं सुधारायला गेलास तर बोलताना फक्त सुधारणाच आठवतील," ती म्हणाली, आणि त्याचं पाल्हाळ, ऊर्फ म्हैस, व त्याचं 'म्हणजे कसं' या दोन जागा पहिल्या आठवड्यासाठी घेतल्या. 'म्हणजे कसं'चा उपाय विमलबाईंनी सुचवला. पुढ्यात भज्यांची बशी ठेवायची आणि प्रत्येक वेळी एक भजं उचलून न्यायचं. पहिल्या दिवशी स्वप्नील उपाशी राहिला. दुसऱ्या दिवशी दोन मिळाली. वेळेचा उपायही त्यांनीच केला. तेजश्रीचा मोबाइल दीड मिनिटाला नुसता थरथरायचा आणि स्वप्नीलला तो दिसायचाच नाही. म्हणून मोबाइल थरथरला की विमलबाई रिकाम्या कढईवर झारा आपटायच्या. टण्! स्वप्नील जिथं असेल तिथं थांबायचा. कधी वाक्याच्या मधे, कधी शब्दाच्या.

"थांबायचं म्हणजे वाक्य संपवून थांबायचं रे," तेजश्री म्हणाली.

"झाऱ्याचा धाक हाय गं. पाय थांबतात, तशी जीभ थांबते."

दुसरा आठवडा संपता संपता दोघं एकमेकांना सरावले, आणि तेच अडचणीचं झालं. तेजश्री प्रश्न विचारायच्या आधीच स्वप्नील हसायला लागे. तो खुर्चीत पसरून बसे. वहीत 'देहबोली' दोघांच्याही नावावर चढली.

"तिसरं माणूस पाहिजे," तेजश्री म्हणाली. "ज्याचा धाक वाटेल असं."

दोघांनी एकदमच कढईकडे पाहिलं.

विमलबाईंनी आधी नाही म्हटलं, मग साडी बदलून आल्या. खुर्ची टेबलाच्या मधोमध घेतली, पदर खोचला, कागद पुढ्यात ओढला आणि चिठ्ठ्यांच्या डब्याला हातसुद्धा लावला नाही. त्यांच्याकडे स्वतःचे प्रश्न होते. दहा वर्षं त्या ढाब्यावर माणसं ठेवत आणि काढत होत्या.

"नाव?"

"आत्ये, नाव तुला माहीत—"

"नाव सांग रं!"

"स्वप्नील धाकलू ठोंबरे."

"हां. आता सांग. डाळ तळाला लागली हाय. गिऱ्हाईक बसलंय, त्याला गाडी गाठायचीय. दुसरी डाळ नाय. काय करशील?"

स्वप्नील ताठ बसला. "मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगेन की डाळ लागली आहे, आणि त्यांची क्षमा मागेन."

"तीन वर्सांमागं इथं कामाला व्हतास तवा काय केलंवतंस?"

"तेव्हाही सांगितलं होतं."

तेजश्री एका अंगाला बसून लिहीत होती. तिचं पेन थांबलं. "आत्या, तोच प्रश्न परत विचारा."

विमलबाईंनी विचारला. स्वप्नीलनं तेच उत्तर दिलं. तेजश्री टेबलाला वळसा घालून त्याच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली.

"स्वप्नील, तुझा कान हलतो."

"कायपण."

"खरंच. डावा. खोटं बोललास की हलतो. डाळीवर वरून फोडणी घालून दिली होतीस ना?"

"नाय," स्वप्नील म्हणाला, आणि विमलबाईंनीही पाहिला. कान सरड्याच्या शेपटीसारखा एकदाच वर उडाला आणि जागेवर आला.

"बाईगं!" विमलबाई म्हणाल्या. "ह्याच्या बापाचाबी हलतो. मला वाटायचं माशी बसते."

वहीत कमकुवत जागा क्रमांक चार नोंदवली गेली. पुरावा: डाळीचा प्रश्न, दोन वेळा. उपायाचा रकाना बराच वेळ रिकामा राहिला. शेवटी तिघांनी मिळून ठरवलं आणि तेजश्रीनं लिहिलं: 'केस वाढवणे.'

त्याच दिवशी विमलबाईंनी तेजश्रीचीही घेतली. "तुला का ठेवू?" एवढंच विचारलं. तेजश्री म्हणाली, "आमच्या वर्गात..." विमलबाईंनी झारा उचलला. "वर्गाला ठेवायला जागा नाय माझ्याकडं. तू बोल." तेजश्रीनं दोन्ही हातांनी खुर्ची धरली आणि म्हणाली, "मी बंद पडलेलं यंत्र जोडलं. मी एकटीनं. चार दिवस लागले." मग तिला रडू आलं, आणि देहबोलीत विमलबाईंनी तिला दोन गुण दिले. पुरावा: 'चांगली बोलली पण रडली.' हा त्यांनी स्वतः लिहिलेला पहिला शेरा.

मुलाखतीच्या दिवसापर्यंत स्वप्नीलचे केस कानांवर आले होते. तो दाक्षिणात्य सिनेमातल्या खलनायकासारखा दिसतो, असं तेजश्रीचं मत पडलं, पण कान झाकले होते. शिळफाट्याला उतरून तो कारखान्यात पोचला तेव्हा वीस मिनिटं हातात होती. फाइल सकाळी घाईत भरली होती. तेजश्रीनं काढून दिलेले सगळे कागद एकाच आकाराचे, एकाच अक्षराचे.

आत दोघं बसले होते. एचआरचे ऋषिकेश सर, तरुण, चष्मा लावलेले. आणि क्वालिटीच्या प्रमुख आसावरी मॅडम, पन्नाशीच्या, केस पांढरे, समोरच्याकडे मोजपट्टी लावल्यासारखं बघणाऱ्या.

"बायोडेटाची प्रत द्या," ऋषिकेश सर म्हणाले.

स्वप्नीलनं फाइलमधून वरचा कागद काढला, मॅडमपुढे सरकवला आणि हात मांडीवर ठेवून ताठ बसला. देहबोली चार.

पहिले प्रश्न छान गेले. ओळख त्यानं एक मिनिट वीस सेकंदांत संपवली आणि त्यात एकही प्राणी नव्हता. व्हर्निअर कॅलिपरचा लीस्ट काउंट कसा काढतात ते सांगितलं. गो, नो-गो गेज काय असतो ते सांगितलं: भोकात गो बाजू गेली पाहिजे, नो-गो बाजू जाता कामा नये, दोन्ही गेल्या तर भोक मोठं, एकही गेली नाही तर लहान. मॅडमनी मान हलवली.

"कामात झालेली एखादी चूक सांगा," ऋषिकेश सर म्हणाले.

या प्रश्नाचा सराव त्यानं चार वेळा केला होता. "वर्कशॉपमध्ये मी एकदा लेथवर लोखंडाचा तुकडा लावला," तो म्हणाला, "आणि मोजमाप न तपासता थेट—"

शिपाई चहा घेऊन आला. बशी टेबलावर ठेवताना चमचा तिच्यावर आपटला. टण्!

स्वप्नील थांबला.

सर वाट बघत होते. मॅडम वाट बघत होत्या. शिपाईसुद्धा, चूक काय झाली ते ऐकायला, ट्रे घेऊन उभा राहिला. स्वप्नीलची जीभ उचलेना.

"थेट... काय?" सरांनी विचारलं.

"वेळ संपली सर," स्वप्नीलच्या तोंडून गेलं.

"कोणाची?"

आसावरी मॅडम मात्र आता त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या हातातला कागद वाचत होत्या. भुवया हळूहळू वर चढत होत्या.

"ठोंबरे," त्या म्हणाल्या, "हा बायोडेटा आहे?"

"हो मॅडम."

"यात लिहिलंय, कमकुवत जागा क्रमांक एक: म्हैस."

स्वप्नीलनं मान लांब करून पाहिलं. तेजश्रीचं सुबक अक्षर, चार ओळी, पुराव्याचा रकाना. मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिनं वहीतल्या सगळ्या जागा एका कागदावर उतरवून दिल्या होत्या, रिक्षात बसून वाचायला.

"क्रमांक दोन," मॅडमनी पुढे वाचलं, "म्हणजे कसं हाय ना. सुरुवातीला एकतीस, आता दोन. उपाय, भजी. यावर रेघ मारलीय. क्रमांक तीन, खुर्चीत पसरणे, चालू. क्रमांक चार." त्या थांबल्या. चष्मा काढून पुसला, परत लावला. "खोटं बोलताना डावा कान हलतो. उपाय, केस वाढवणे."

ऋषिकेश सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"ठोंबरे," मॅडम म्हणाल्या, "केस जरा मागे घ्या."

त्यानं घेतले. दुसरं काय करणार. डावा कान उघडा पडला, आणि खोलीतले तिघंही, शिपायासकट, तिकडे बघू लागले.

"आमच्याच कंपनीत का यायचंय?"

याचं उत्तर त्यानं पाठ केलं होतं. "आपल्या कंपनीची गुणवत्तेची परंपरा मला लहानपणापासून..." कान उडाला. शिपाई हसला आणि ते त्यानं खोकल्यावर नेलं.

स्वप्नीलनं श्वास घेतला. आता काही उरलंच नव्हतं. "मॅडम, घराजवळ हाय. चौकपास्नं सरळ गाडी मिळते. आणि दुसरीकडं मी एकदा नापास झालोय."

मॅडमनी कानाकडे पाहिलं. कान गप्प.

"बरं. समजा माल तपासताना तुमच्या लक्षात आलं की शंभरातले सात तुकडे नो-गो होतायत. ट्रक दारात उभा आहे. सुपरवायझर म्हणतो, जाऊ दे. काय कराल?"

ढाब्यावरची डाळ त्याच्या डोळ्यांपुढं आली. आपण जे बोललो असतो ते त्याला माहीत होतं, आणि कान काय करील तेही.

"मॅडम, पहिल्यांदा मला भीती वाटेल," तो म्हणाला. "सुपरवायझर मोठा माणूस. मी लगेच नाय म्हणेन असं सांगत नाय. पण तो लॉट मी बाजूला ठेवीन, त्याला लाल खूणचिठ्ठी लावीन, आणि सातही तुकड्यांची मापं लिहून काढीन. तोंडानं भांडण्यापेक्षा मापं दाखवणं मला जमतं. मग ती घेऊन तुमच्याकडं येईन. तेव्हा पाय लटपटत असतील."

पुन्हा सगळे कानाकडे बघत राहिले. ऋषिकेश सर तर खुर्चीतून अर्धे उठले होते. कान दगडासारखा होता.

"हा कागद कोणी तयार केला?" मॅडमनी विचारलं.

"मैत्रिणीनं. आमी दोघांनी. आणि आत्यानं."

"आम्ही नव्या माणसाला दोन महिने शिकवतो, की दोष दिसला तर नोंदवायचा, पुरावा लिहायचा, उपाय लिहायचा, आणि उपाय लागू पडला का ते परत तपासायचं. तरी लोक नुसतं 'ठीक आहे' लिहून टाकतात." त्यांनी कागद उलटा करून पाहिला. "फक्त उपाय क्रमांक चार चुकीचा आहे. दोष झाकलात. काढला नाहीत."

"काढायचा कसा मॅडम?"

"खरं बोलून. आता बोललात तसं." त्यांनी कागद परत दिला. "आणि बायोडेटा आहे का खरंच?"

तो फाइलच्या तळाशी होता.

संध्याकाळी ढाब्यावर त्यानं सगळं सांगितलं तेव्हा तेजश्रीनं कपाळावर हात मारून घेतला. विमलबाईंना फक्त एकच गोष्ट महत्त्वाची वाटली. "भज्यांचं वाचलं त्यांनी? माझं नाव लिवलंवतं का खाली?" तेजश्रीनं मात्र वही काढली, चार नंबरसमोरचा उपाय खोडला, आणि स्वतःच्या बाजूला नवी ओळ लिहिली: 'फाइल दुसऱ्यानं तपासावी.'

दहाव्या दिवशी स्वप्नीलला फोन आला. सहा महिने ट्रेनी म्हणून, सोमवारपासून पहिली पाळी. पहिल्याच आठवड्यात त्यानं केस कापले.

तेजश्रीची मुलाखत त्याच आठवड्यात शुक्रवारी होती. तिथं काय झालं ते तिनं अगदी थोडक्यात सांगितलं: बोलले, थांबले, रडले नाही. पुढे आठ दिवस काही कळलं नाही. मग एका दुपारी तिला निवडीचा फोन आला. तिनं आधी स्वप्नीलला लावला, पण कारखान्यात पाळीला मोबाइल लॉकरमध्ये ठेवावे लागतात, त्यामुळे नुसता वाजत राहिला. मग तिनं विमलबाईंना लावला. विमलबाई तेव्हा भजी तळत होत्या. त्यांनी एका हातानं फोन धरला आणि दुसऱ्या हातातला झारा उंचावून, "झाली गं माझी पोर, झाली कंपनीत!" असं ओरडल्या. ते ढाब्यावर जेवणाऱ्या एका टेंपोवाल्यानं ऐकलं. त्यानं खालापूरला पंक्चर काढताना सांगितलं. तिथून ते शिळफाट्यापर्यंत गेलं.

तीन वाजता पाळी सुटून स्वप्नील शिळफाट्याला रिक्षाच्या रांगेत आला, तेव्हा नेहमीचा रिक्षावाला लडकू त्याची वाटच बघत होता. त्यानं स्वप्नीलचा हात दोन्ही हातांत घेऊन जोरजोरात हलवला.

"अभिनंदन रं! एवढी मोठी बातमी, आनि तू बोल्ला नाय!"

"काय झालं?"

"तुझी आत्या कंपनीत मॅनेजर झाली म्हनं. उद्यापास्नं ढाबा बंद?"